फुगलेल्या डब्यांचा हिशेब आणि साहेबांची सही

वाचकाचं पत्र

मी रत्नागिरीजवळच्या एका आंबा कॅनिंगच्या कारखान्यात क्वालिटी बघते. चार हंगाम झाले. डब्याच्या सीमची, म्हणजे झाकण आणि डबा जुळतात त्या सांध्याची, तपासणी शिकवणारा तीन दिवसांचा कोर्स जानेवारीत पुण्याला आहे. फी २२,००० रुपये, वर जीएसटी. आमच्याकडे सीम आतून कोणीच तपासत नाही. बाहेरचा फिटर येतो, मशीन लावून देतो आणि जातो. गेल्या हंगामातले ४२० डबे गोदामात फुगले. साहेबांकडे कोर्सचा विषय काढला तर म्हणाले, "पुण्याला जाऊन वेगळं काय शिकणार? आणि शिकलीस की मुंबईला जाशील." मला वाद घालायचा नाही, पण कोर्स खरंच हवाय. त्यांना कसं विचारू? लेखी द्यायचं तर काय लिहू?

— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर

साहेबांनी अजून नकार दिलेला नाही. त्यांनी दोन प्रश्न विचारलेत: पैसे घालून कारखान्याला काय मिळणार, आणि तुम्ही टिकणार का. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर तुमच्याच लॉट रजिस्टरमध्ये आहे आणि दुसऱ्याचं उत्तर तुम्ही स्वतःहून द्यायचं आहे, त्यांनी मागायच्या आधी.

खाद्यप्रक्रिया कारखान्यांत असे अर्ज मंजुरीसाठी माझ्या टेबलावर बरीच वर्षं येत होते. "ज्ञानात भर पडेल", "अद्ययावत तंत्रज्ञानाची माहिती मिळेल" असं लिहिलेला अर्ज वाचून सही करावीशी कधी वाटली नाही, कारण त्यात माझ्या कारखान्याचं काहीच नसायचं. तोच कागद दुसऱ्या कुठल्याही कंपनीत चालला असता. आंब्याच्या धंद्यात तर मालकाचे पैसे हंगामाच्या थोड्या आठवड्यांत बाहेर जातात आणि वर्षभर हळूहळू परत येतात. अशा माणसापुढे कारखान्याच्याच नुकसानीचा आकडा ठेवला की तो थांबून वाचतो. म्हणून अर्ज लिहायला बसण्याआधी एक दुपार त्या ४२० डब्यांना द्या.

सगळे डबे सीममुळे फुगले असं लिहिण्याचा मोह होईल. तो टाळा. साहेबांनी धंद्यात तुमच्यापेक्षा जास्त फुगलेले डबे पाहिले असतील आणि पहिल्याच वाक्यात ते तुम्हाला पकडतील. पल्पचा डबा फुगण्याची मुख्य कारणं तीन, आणि तिन्हींच्या खुणा वेगळ्या असतात.

उष्णता कमी पडली असेल तर बहुधा एका बॅचचा बराचसा माल एकदम बिघडतो. त्या दिवशी वाफ कमी पडली होती का, बॉयलर मध्येच बंद झाला होता का, हे तुमच्या तापमानाच्या नोंदीत सापडेल. दुसरं कारण हायड्रोजनचं. आंब्याच्या आम्लाची आतल्या पत्र्यावर क्रिया होऊन वायू तयार होतो. हे डबे महिन्यांनी फुगतात, वेगवेगळ्या तारखांचे असतात, आणि कापल्यावर आतला पत्रा काळवंडलेला किंवा त्यावरचा लॅकरचा लेप उडालेला दिसतो. आंबल्याचा वास बहुधा येत नाही. तिसरं कारण गळक्या सीमचं. गरम डबा थंड पाण्यात जातो तेव्हा आत निर्वात तयार होतो. सीममध्ये केसाएवढी जरी वाट असली तरी पाण्याचा थेंब आत ओढला जातो, सोबत यीस्ट आणि जिवाणू जातात. असे डबे बहुधा काही आठवड्यांतच फुगायला लागतात. कापल्यावर आंबूस, दारूसारखा वास येतो आणि पल्पमध्ये बुडबुडे दिसतात. एका लॉटमधले काही फुटतात, शेजारचे शाबूत राहतात. (चाखून बघू नका, हे तुम्हाला सांगायला नको. पण गोदामातल्या मुलांना जरूर सांगा.)

आता झाकणावरचे कोड बघून डब्यांची यादी तारीखवार लावा. समजा ४२० पैकी २६० डबे एकाच आठवड्यातले निघाले, त्या आठवड्यात तापमानाच्या नोंदी व्यवस्थित आहेत, आणि मशीनच्या नोंदीत आधल्या दिवशी सीमरचा, म्हणजे सीम लावणाऱ्या मशीनचा, रोल बदललेला किंवा डब्यांचा नवा लॉट चालू झालेला दिसतोय. मग सीमवर बोट ठेवायला तुमच्याकडे आधार आहे. उरलेले १६० सरळ बाजूला ठेवा आणि अर्जात तसं लिहा. थंड करायच्या पाण्यातल्या क्लोरीनची नोंदही त्याच आठवड्याची काढा. सीम गळका असला तरी पाणी स्वच्छ असेल तर नुकसान कमी होतं, आणि पाण्याचा प्रश्न पुण्याच्या कोर्सने सुटणार नाही. तिथे दोष दिसला तर तोही सांगा. त्याला कोर्स नको, पंप दुरुस्त करायला हवा.

हे सगळं साहेबांना समजावून सांगायची वेळ आली तर एका डब्याची सीम कापून त्यांच्या हातात द्या. बाहेरून मायक्रोमीटर लावला की सीमची जाडी आणि लांबी कळते. तुमच्याकडे एखाद्या ड्रॉवरमध्ये तो मायक्रोमीटर असेलच. पण डबा टिकतो तो आतल्या दोन हुकांवर. डब्याच्या कडेचा बॉडी हुक आणि झाकणाचा कव्हर हुक एकमेकांत अडकतात, आणि ते किती अडकलेत हे सीम फोडल्याशिवाय कळत नाही. बाहेरून गुळगुळीत, मापात बसणारी सीम आतून जेमतेम अडकलेली असू शकते. फोडल्यावर मात्र मशीन कुठे चुकतंय ते सीमच सांगते. सीम दोन टप्प्यांत, म्हणजे दोन ऑपरेशनमध्ये लागते. कव्हर हुक आखूड असेल तर पहिल्या ऑपरेशनचा रोल सैल असण्याची शक्यता असते. बॉडी हुक आखूड असेल तर डबा खालून उचलणाऱ्या प्लेटचा दाब आधी तपासायचा. कव्हर हुकवर सुरकुत्या राहिल्या असतील तर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये सीम पुरेशी आवळली गेलेली नाही. कोर्समध्ये तीन दिवस हेच हाताने करायला लावतात: कापायचं, सोलायचं, मोजायचं, कारण शोधायचं. व्हिडिओ बघून आकृती समजते, पण सीम सोलताना हुक वाकू न देता मोजणं शेजारी जाणता माणूस उभा असल्याशिवाय हाताला बसत नाही. "ऑनलाइन शिक की" असं साहेब म्हणाले तर हेच सांगा.

आता पैशांकडे येऊ. फी २२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३,९६०. बिल कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या जीएसटी नंबरवर घेतलं तर या कराचं क्रेडिट साधारणपणे मिळतं. म्हणून अर्ज द्यायच्या आधी अकाउंट बघणाऱ्यांना गाठा आणि त्यांच्याकडून खात्री करून घ्या. याचा आणखी एक फायदा होतो. साहेब कागद हातात घेतल्यावर बहुतेक त्यांनाच विचारणार, आणि तेव्हा त्यांना विषय आधीपासून माहीत असेल. एसटी, राहणं आणि जेवण यासाठी समजा ८,५०० धरले. तुमचे पाच दिवस कामाबाहेर जातील, तो पगारही खर्चात धरा. महिना २४,००० पगार असेल तर ४,००० होतात. कर सोडून एकूण ३४,५००. पगार खर्चात धरणारा अर्जदार क्वचितच भेटतो, आणि मालकाचा विश्वास अशाच ओळीवर बसतो.

दुसऱ्या बाजूला नुकसान. डब्याची किंमत विक्रीभावाने लावू नका, कारखान्याच्या कॉस्टिंगच्या कागदात असेल तीच लावा. ३.१ किलोचा डबा समजा ४८० रुपयांना पडतो. मग २६० डब्यांचे १,२४,८०० झाले. आता त्यातले सगळे वाचले असते असंही म्हणू नका, कारण सीम तपासायला लागलं तरी चूक सापडेपर्यंत काही डबे पुढे गेलेले असतातच. निम्मे धरा: ६२,४००. हा आकडा ३४,५०० पेक्षा मोठा आहे, आणि तो तुम्ही फुगवलेला नाही हे कोणालाही दिसेल.

पण माझ्या मते तुमच्या अर्जातला सर्वांत कामाचा आकडा याहून छोटा आहे. ३४,५०० ला ४८० ने भागा. ७२ डबे येतात. खोक्यात सहा डबे असतात, म्हणजे १२ खोकी. कोर्सचा सगळा खर्च १२ खोक्यांमध्ये वसूल होतो. साहेब दिवसभर खोक्यांच्या भाषेत विचार करतात, टक्केवारीच्या भाषेत करत नाहीत. गोदामात बारा खोक्यांचा ढीग केवढा असतो ते त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच येतं. परदेशी किंवा मुंबईच्या खरेदीदाराने फुगलेल्या मालाबद्दल डेबिट नोट पाठवली असेल तर तिची तारीख आणि रक्कम वेगळ्या ओळीत द्या. "गिऱ्हाईक तुटेल" असला अंदाज मात्र लिहू नका.

दोन गोष्टींवर अर्ज सहज आपटू शकतो. पहिली म्हणजे "कायद्याने सक्तीचं आहे" असं लिहिणं. डबाबंद अन्नाच्या सीमबद्दल अमेरिकेचा एक नियम आहे: दर अर्ध्या तासाला सीम नजरेखालून घालायची आणि दर चार तासांनी डबा फोडून तपासायचा. पण तो कमी आम्लाच्या पदार्थांसाठी आहे. हापूसचा पल्प मुळातच आम्लधर्मी, त्याचा पीएच ४.६ च्या बराच खाली असतो, त्यामुळे तो नियम आपल्यावर लादता येत नाही. वेळापत्रक म्हणून मात्र तो उत्तम आहे, आणि "आपणही असंच करू" एवढंच म्हणता येईल. तसंच साहेब म्हणतील की एफएसएसएआयचं ट्रेनिंग झालंय की. ते फॉस्टॅकचं ट्रेनिंग असतं. दर पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित सुपरवायझर लागतो, त्यासाठी ते करतात. त्यात स्वच्छता, साठवण आणि नोंदी येतात, सीम फोडायला शिकवत नाहीत. हा फरक शांतपणे एका वाक्यात सांगा.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. तुमच्याकडे सीमरवर वर्षानुवर्षं उभे राहणारे कोणी काका असतील. "सीम चुकीची लागत होती" असं लेखी गेलं की ते स्वतःवर घेतील, आणि परत आल्यावर तुम्हाला त्यांच्याच मशीनवर काम करायचंय. त्यांना आधी भेटा. त्या आठवड्यात काय बदललं होतं ते त्यांनाच विचारा. बहुतेक वेळा त्यांना ते माहीत असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं. अर्जात "आपल्याकडे सीम आतून तपासण्याची पद्धत नाही" एवढंच लिहा. उणीव पद्धतीची आहे, माणसाची नाही, आणि खरंही तेच आहे. फिटरबद्दलही तोच सूर ठेवा. तो हंगामाच्या सुरुवातीला मशीन उत्तम लावून देत असेल. पण रोल झिजतात, पत्र्याची जाडी लॉटप्रमाणे थोडी बदलते, आणि तेव्हा तो चिपळूणला किंवा देवगडला दुसऱ्या कारखान्यात असतो. त्याला फोन कधी करायचा हे ठरवणारं कोणी तुमच्याकडे हवंय.

आणखी एक विचारणा आधीच करून ठेवा, कारण साहेब ती करणारच. डबे पुरवणाऱ्या कंपनीला फोन करून विचारा की तुमचा तांत्रिक माणूस येऊन सीम फोडून दाखवेल का. बरेच पुरवठादार गिऱ्हाइकाला अशी मदत करतात. तो आला तर उत्तमच. तुमची २६० डब्यांची शंका खरी की खोटी ते कोर्सच्या आधीच कळेल. त्याच्या एका भेटीत काम भागलं तर कोर्सचा आग्रह थोडा सैल करावा लागेल, हेही मान्य करा. पण ऐन मे महिन्यात रात्रीच्या पाळीला तो तुमच्याकडे नसेल, आणि कॅनिंगचा लोंढा तर तेव्हाच येतो.

आता मुंबईला जाण्याचा प्रश्न. "नाही जाणार हो" असं तोंडी सांगून उपयोग नाही. दोन गोष्टी लेखी द्या. एक, परत आल्यावर महिन्याच्या आत आणखी दोघांना, त्यातल्या एका सीमर ऑपरेटरला, सीम फोडायला शिकवीन आणि तपासणीचा मराठी तक्ता मशीनपाशी लावीन. त्यामुळे तुम्ही गेलात तरी शिकलेलं कारखान्यात राहतं, आणि साहेबांची खरी भीती तीच आहे. दुसरी, वर्षाच्या आत नोकरी सोडली तर फीचा उरलेल्या महिन्यांएवढा हिस्सा परत देईन. २२,००० ची फी बारा महिन्यांवर वाटली तर महिन्याला साधारण १,८३३ होतात. आठ महिने राहून गेलात तर चार महिन्यांचे ७,३३२ द्यायचे. साहेबांनी यावरून बाँड पुढे केला तर तीन गोष्टी बघून सही करा: रक्कम खऱ्या खर्चाएवढीच असावी, ती महिन्यागणिक कमी होत जावी, आणि तुमची मूळ प्रमाणपत्रं कोणीही ठेवून घेऊ नयेत. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कागदावर केवढीही रक्कम लिहिली तरी भरपाई वाजवी तेवढीच मिळते, पण कोर्टापर्यंत जायची वेळच येऊ नये. बावीस हजारांच्या कोर्सला दोन वर्षं आणि लाखाचा बाँड असं असेल तर नम्रपणे नको म्हणा. त्यापेक्षा कोर्स पुढच्या वर्षी झालेला बरा.

अर्ज एका पानाचा असू द्या. साधारण असा:

> माननीय साहेब,
>
> विषय: डबल सीम तपासणी प्रशिक्षण, पुणे, जानेवारी, ३ दिवस.
>
> गेल्या हंगामात गोदामात ४२० डबे फुगले. कोडप्रमाणे यादी लावली असता त्यातले २६० एकाच आठवड्यातले आहेत. त्या आठवड्यातल्या तापमानाच्या आणि क्लोरीनच्या नोंदी ठीक आहेत. कापलेल्या डब्यांमध्ये आंबल्याची लक्षणं दिसली, म्हणून सीममधून गळती झाल्याची शक्यता जास्त वाटते. बाकी १६० डब्यांचं कारण वेगळं असू शकतं, ते यात धरलेलं नाही.
>
> आपल्याकडे सीम आतून तपासण्याची पद्धत नाही. या प्रशिक्षणात सीम कापून मोजणं आणि त्यावरून मशीनमधला दोष ओळखणं शिकवतात.
>
> खर्च: फी २२,००० (जीएसटी ३,९६० वेगळा, क्रेडिट मिळण्याजोगा), प्रवास व राहणं ८,५००, पाच दिवसांचा पगार ४,०००. एकूण ३४,५००. आपल्या कॉस्टिंगप्रमाणे हे ७२ डबे, म्हणजे १२ खोकी होतात. वरच्या २६० पैकी निम्मे वाचले असते तरी ६२,४०० रुपये वाचले असते.
>
> परत आल्यावर: हंगामाच्या आधी दोघांना शिकवीन, मशीनपाशी तपासणीचा तक्ता लावीन, हंगामात दर चार तासांनी डबा फोडून नोंद ठेवीन. सीम कापण्याचं साहित्य लागेल, त्याचं कोटेशन सोबत जोडलं आहे. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास फीचा उरलेल्या महिन्यांचा हिस्सा परत करीन.
>
> त्या पाच दिवसांत माझं काम कोण बघेल ते ठरवलं आहे. जागा राखण्यासाठी १५ डिसेंबरपर्यंत आपला निर्णय कळावा, ही विनंती.

यातले आकडे तुमच्या रजिस्टरप्रमाणे बदला. यादी लावल्यावर डबे सगळ्या तारखांत विखुरलेले निघाले तर हा अर्ज देऊच नका. मग तुमचा प्रश्न बहुधा पत्र्याचा किंवा लॅकरचा आहे आणि डब्याच्या पुरवठादाराशी बोलायला हवं. सीम कापण्याच्या साहित्याची ओळ मुद्दाम घातली आहे. ती लपवली आणि फेब्रुवारीत वेगळी मागणी घेऊन गेलात तर साहेबांना फसवल्यासारखं वाटेल, आणि साहित्य आलं नाही तर कोर्स वाया जाईल. शिकलेला हात दोन महिन्यांत विसरतो.

कागद नुसता टेबलावर ठेवून येऊ नका, आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच पाठवू नका. दिवाळीनंतरचा, बँकेची किंवा गिऱ्हाइकाची गडबड नसलेला एखादा सकाळचा वेळ बघा. "साहेब, गोदामातल्या त्या फुगलेल्या डब्यांची यादी लावली आहे, दहा मिनिटं दाखवू का?" एवढं विचारा. कोर्सचं नावही काढू नका. आधी यादी दाखवा, मग कापलेली सीम, आणि त्यांनी "मग काय करायचं?" असं विचारलं की अर्ज पुढे करा. जानेवारीची तारीख तुमच्या पथ्यावर पडणारी आहे, कारण सीमरची दुरुस्ती आणि ट्रायल हंगामाच्या आधी असते. कोर्स करून आलात की फिटर मशीन लावताना तुम्ही शेजारी उभ्या राहून त्याच दिवशी डबे फोडून बघाल. हे साहेबांना आवर्जून सांगा. हाच कोर्स जूनमध्ये असता तर मीही मंजूर केला नसता.

त्यांनी तरीही नाही म्हटलं तर "कशाची खात्री पटली तर विचार कराल?" हे एकदा विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. "पैसे नाहीत" म्हणाले तर फी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची तयारी दाखवता येते, पण मग परतफेडीची अट त्यांच्या निम्म्यालाच लागू राहील. स्वतःच्या खिशातून सगळी फी भरून रजा टाकून जाणं मला पसंत नाही. कारखान्याच्या मशीनसाठीचं शिक्षण आहे, आणि एकदा तो पायंडा पडला की पुढच्या मुलीलाही तेच ऐकावं लागेल. "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले तर येत्या हंगामात प्रत्येक फुगलेल्या डब्याचा कोड, फुगल्याची तारीख आणि कापल्यावरची लक्षणं एका वहीत लिहा. पुढच्या दिवाळीला तोच अर्ज दोन हंगामांच्या आकड्यांसह जाईल.

आणि होकार मिळाला तर त्याच दिवशी संस्थेकडून कंपनीच्या नावाने, जीएसटी नंबरसह प्रोफॉर्मा बिल मागवून अकाउंटमध्ये द्या. जागा तुमच्या नावाने राखली आहे असं संस्थेकडून लेखी घ्या. कोर्स रद्द झाला किंवा तारीख पुढे गेली तर फी परत मिळते का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. पुण्याला जाताना तुमच्या कारखान्यातले चार-पाच डबे सोबत न्या, त्यातले दोन त्या संशयित आठवड्यातले पण न फुगलेले. शिकवणाऱ्यांना आधी कळवलं तर बहुधा हरकत घेत नाहीत, आणि सराव तुमच्याच सीमवर होईल.